उलटी चौकट

व्हिडिओतली सुंदर चौकट आणि बघणाऱ्याला थांबवणारी चौकट या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे देवयानीला पुण्याच्या बातम्यांच्या चॅनलवर सहा वर्षं संकलन करून कळलं होतं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी ती कोलकात्याला आली, डमडमला भाड्याचं घर घेतलं आणि घरबसल्या व्हिडिओ जोडायची कामं करू लागली. इथल्या मराठी मंडळाने ‘आपली माणसं’ नावाची मुलाखतींची मालिका काढायची ठरवली, तेव्हा ते काम आपोआप तिच्याच गळ्यात पडलं. मंडळात संकलन येणारं दुसरं होतं कोण?

चौथी मुलाखत प्रभाकरकाकांची होती. वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव नागपूर. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्याला आले, ते इथलेच झाले. देवयानीच्या समोरच्याच इमारतीत राहायचे. व्हिडिओ तयार झाला होता. बारा मिनिटं चाळीस सेकंद, खाली इंग्रजी ओळी, कारण इथे वाढलेल्या पोरांना मराठी ऐकून अर्धंच कळतं. आता एकच काम उरलं होतं, मुखचित्र. म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी मोबाइलवर जे चित्र दिसतं ते. आणि नेमकं तेच अडलं होतं.

“माझ्याकडे बघून सांग,” काका म्हणाले, “हा कोटातला काय वाईट आहे?”

लॅपटॉपवर मुलाखतीच्या सुरुवातीची चौकट थांबवलेली होती. काका कोट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसलेले.

“वाईट नाही हो,” अलकाकाकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “पण वर्तमानपत्रात खाली काळी रेघ मारून छापतात ना, तसला दिसतोय. श्रीकांतभाऊजींना वाटेल, गेला बिचारा.”

“मग तरी थांबेल,” काका म्हणाले.

काकूंचा हात कपावरच राहिला. 

सगळा खटाटोप त्या थांबण्यासाठी चालला होता. श्रीकांत म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, नागपूरला असतो. दोघांत एकोणीस वर्षं बोलणं नाही. आई गेली तेव्हा काकांना कोलकात्याहून पोचायला तिसरा दिवस उजाडला. श्रीकांत दारातच म्हणाला, “या पाहुणे.” आणि काकांच्या जिभेला काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, “तुला तरी आईजवळ बसण्याखेरीज दुसरं काय काम होतं?” ज्याने अकरा वर्षं आईचं अंथरूण काढलं-घातलं, त्याला हे. शब्द तोंडातून सुटला तो सुटलाच. नंतर काकांनी पत्रं पाठवली, ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आली. फोन केला की पलीकडून ठेवला जायचा.

मुलाखतीत नवव्या मिनिटाला काकांनी हे सगळं सांगितलं होतं. आपणहून, कुणी न विचारता. “श्री होता म्हणून आई सुखाने गेली. मी त्याला जे बोललो ते मी आजही रोज ऐकतो,” असं म्हणून ते थांबले होते आणि मग कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले होते, “शेवटी आई माझी वाट बघत होती का, ते त्यालाच ठाऊक. विचारायचं राहिलं.” देवयानी ते वाक्य जोडताना दोनदा उठून पाणी पिऊन आली होती.

श्रीकांतची मुलगी भाग्यश्री काकूंशी चोरून बोलायची. तिने सांगितलं होतं, “बाबा दुपारी जेवले की आरामखुर्चीत पडून मोबाइलवर व्हिडिओ बघतात. बघतात कसले, नुसते अंगठ्याने वर ढकलतात. मी त्यांच्या फोनवर मंडळाचं चॅनल जोडून ठेवलंय. चित्र समोर येईल. पण उघडा म्हणून मी सांगणार नाही हं. सांगितलं तर हट्टाने उघडणार नाहीत.”

म्हणजे नागपुरातल्या एका अंगठ्यासमोरून ते चित्र एकदा जाणार. तेवढीच काय ती संधी.

“चॅनल स्वतःहून तीन चौकटी सुचवतं ना?” काकांनी विचारलं. नव्या गोष्टींची त्यांना नवलाई होती.

देवयानीने त्या तिन्ही दाखवल्या. पहिलीत काकांचे डोळे मिटलेले, दुसरीत तोंड वासलेलं, तिसरीत नुसती खिडकी. काकू हसून हसून खाली बसल्या. “यंत्राला बरोब्बर कळलं हो माणूस कसा आहे ते!”

“आणि वर शब्द घाल,” काका म्हणाले, “‘एका ज्येष्ठ नागरिकाचे मनोगत’.”

“काका, हे बोटभर चित्र असतं. दोन-तीन शब्द मावतात. आणि मनोगत म्हटलं की माझा अंगठासुद्धा वर जातो, भाऊंचं काय घेऊन बसलात?”

“बरं बाई. पण जे घालशील ते तपासून घाल,” काकू म्हणाल्या. “भाऊजी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते. लग्नाच्या पत्रिकेतली वेलांटी चुकली म्हणून लग्नाला गेले नाहीत, असा माणूस आहे तो.”

“गेला होता,” काका म्हणाले. “जाऊन यजमानांना सांगून आला. चूक दिसली की श्रीला राहवत नाही.” आणि डाव्या हाताने कप उचलून त्यांनी चहाचा घोट घेतला.

घरी येऊन देवयानीने व्हिडिओ पहिल्यापासून लावला. आवाज बंद करून, कारण आवाज असला की माणूस शब्दांच्या मागे जातो आणि चेहरा बघत नाही. हसणारे काका चांगले होते, पण ते मंडळाच्या फोटोसाठी हसावं तसे हसत होते. रडवेले काका होते, नवव्या मिनिटाचे. ती चौकट जबरदस्त होती, डोळ्यांत उजेड, ओठ घट्ट. कुठल्याही चॅनलने हीच उचलली असती. पण एकोणीस वर्षं रागावलेल्या माणसासमोर रडका चेहरा ठेवायचा? तो म्हणेल, आता कॅमेऱ्यासमोर नाटकं करतोय. छे!

आणि मग सातव्या मिनिटाला ती थांबली.

तिथे एक गंमत होती, तिनेच गंमत म्हणून ठेवलेली. जानेवारीचे दिवस, टेबलावर दार्जिलिंगची संत्री. बोलता बोलता काकांनी एक सोललं आणि कॅमेरा धरणाऱ्या शौनकच्या दिशेने साल अचानक चिमटीत पिळली. शौनक हा मंडळाचा बंगाली जावई. तो “ओरे बाबा!” म्हणून मागे सरकला होता आणि कॅमेरा थोडा हलला होता. जेमतेम अर्धा सेकंद.

देवयानी वरूडची. संत्र्याच्या बागांमध्ये वाढलेली. साल डोळ्यात पिळणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या ताईने तिला इतक्या वेळा रडवलं होतं की संत्र्याचा वास आला की अजून डोळे आपोआप बारीक व्हायचे. आधी हाक मारायची, “बघ इकडे!” बावळटासारखं बघितलं की पच्! किती वर्षं झाली ताईने पिळून. आता ताई फोनवर नुसती तब्येत विचारते. देवयानीला एकदम इतकं घरी जावंसं वाटलं की ती दोन मिनिटं तशीच बसून राहिली.

मग तिने तो अर्धा सेकंद एकेक चौकट पुढे सरकवून पाहिला. बारा चौकटी. पहिल्या चारांत हात फरफटलेला, नुसता नारिंगी फराटा. पाचवीत डोळे मिटलेले. सातवीत हात स्थिर, पण चेहरा हललेला. नववी मात्र! नवव्या चौकटीत काकांचा एक डोळा बारीक, जिभेचं टोक दातांत आणि बोटांच्या चिमटीतून उडालेले तुषार खिडकीच्या उन्हात लखलखलेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तिथे दहा वर्षांचा होता. पुस्तकी नियमाने बाद चौकट. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड वाकडं. पण ज्याच्या डोळ्यात ती साल पिळली गेली असेल, त्याचा अंगठा पुढे जाईलच कसा?

तयार व्हिडिओतून ती उचलली तर खालची इंग्रजी ओळही चिकटून आली असती. म्हणून तिने मूळ जोडणी उघडली, ओळींचा थर बंद केला आणि चौकट पूर्ण आकारात बाहेर काढली. मुखचित्र मूळ चौकटीपेक्षा लहान असतं, त्यामुळे कडा कापून चेहरा जवळ आणायला जागा होती. ट्यूबलाइटचा हिरवट रंग काढला, चेहरा थोडा उजळला, तुषारांना धक्का लावला नाही. मग बोटाएवढं करून बघितलं. हाताच्या अंतरावरून डोळे बारीक करून बघितलं. अजूनही खट्याळ दिसत होतं.

फक्त एक पंचाईत होती. साल पिळणारा हात नेमका खाली उजव्या कोपऱ्यात येत होता, आणि त्याच कोपऱ्यात चॅनल काळ्या चौकोनात व्हिडिओची लांबी लिहितं. म्हणजे सगळी गंमत ‘१२:४०’च्या मागे लपणार! हात आत घ्यावा तर चेहरा डावीकडून कापला जातो. तिने अर्धा तास ढकलाढकली केली. आणि मग संकलनातल्या लोकांची जी जुनी खोड असते ती केली. सगळं चित्र आडवं उलटवलं. आरशातल्यासारखं. मागे कोरी भिंत, ना कॅलेंडर, ना घड्याळ. काकांच्या अंगात बिनखिशाचा स्वेटर. चोरी पकडली जायला काहीच नव्हतं. हात डावीकडे गेला, काळा चौकोन रिकाम्या भिंतीवर आला. उरलेल्या जागेत तिने ठळक पिवळ्या अक्षरांत दोन शब्द घातले, “बघ इकडे!” पाच वेळा तपासले. उद्गारचिन्हसुद्धा.

काकांना दाखवलं तर ते कितीतरी वेळ बघत राहिले. “आम्ही असंच म्हणायचो,” एवढंच बोलले. मग म्हणाले, “मी यात बरा दिसतो नाही? ओळखीचा वाटतो.” वाटणारच. माणूस स्वतःला जन्मभर आरशातच बघतो ना.

रविवारी सकाळी व्हिडिओ चॅनलवर चढला. मंडळातल्या लोकांनी छान छान म्हटलं. नागपूरकडून काही नाही. सोमवारी काही नाही. मंगळवारी भाग्यश्रीचा निरोप आला, “काल दुपारी चित्र समोर होतं. अंगठा थांबला होता काकू, मी बघितलं. पण मग फोन पालथा ठेवून झोपले.”

बुधवारी देवयानी काकांकडे गेली तेव्हा काका मोबाइल मांडीवर घेऊन बसलेले. दर दोन मिनिटांनी पडदा बोटाने खाली ओढायचा, नवीन काही आलंय का बघायचं. एवढ्या मोठ्या माणसाची ती वाट बघणं तिला बघवेना. काकूंनी संत्री ठेवली. काकांनी एक घेतलं आणि सोलू लागले. डाव्या हाताने.

देवयानी त्या हाताकडे बघतच राहिली.

“अरे देवा,” ती म्हणाली. “काका, तुम्ही डावखुरे आहात.”

“आता कळलं? चौथ्या मिनिटाला सांगितलंय की मी. लिहायला तेवढा उजवा, तोही मास्तरांनी छड्या मारून केलेला. मी चौथीत, श्री पहिलीत. मला मारलं म्हणून तोही मुद्दाम डाव्या हाताने लिहायला लागला, त्यालाही पडल्या. तूच तर जोडलंस ते.”

तिनेच जोडलं होतं. अकरा वेळा ऐकलं होतं. आणि त्याच भावाला दाखवायच्या चित्रात तिने या माणसाला उजवा करून टाकला होता! तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. एक संधी होती, एक अंगठा थांबला होता, आणि त्याने पाहिलं काय, तर कुणीतरी परका माणूस. तिने सगळं सांगितलं. काळा चौकोन, ढकलाढकली, उलटवणं.

“आत्ता बदलते,” ती लॅपटॉप उघडत म्हणाली. “चित्र कधीही बदलता येतं, व्हिडिओ तोच राहतो. चेहरा लहान करते, हात वर घेते. हे मी आधीच करायला हवं होतं, आळस केला.”

वीस मिनिटांत सरळ चित्र तयार झालं. चेहरा थोडा लहान, पण हात काळ्या चौकोनाच्या वर, डावाच. ती आता चढवणार, एवढ्यात तिचा फोन वाजला. चॅनलवर कुणीतरी लिहिलं होतं. नाव नाही, फोटो नाही.

“चित्र उलटे छापले गेले आहे. सदर गृहस्थ डावखुरे आहेत. दुरुस्त करावे.”

देवयानीने फोन काकांच्या हातात दिला. काकांनी वाचलं. मग चष्मा काढून परत वाचलं.

“दुरुस्त करावे,” ते म्हणाले. “अलका, ‘दुरुस्त’चे दोन्ही उकार ऱ्हस्व. श्री आहे हा.”

काकू पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. देवयानी घाईने म्हणाली, “चढवते हं मी सरळ केलेलं, एका मिनिटात.”

“नको!” काकांनी लॅपटॉपवर हातच ठेवला. “खबरदार हात लावलास तर. सरळ केलंस की त्याचं काम झालं. तो फोन बाजूला ठेवेल आणि जाईल. मी ओळखत नाही का त्याला? उलटंच राहू दे.”

आणि डाव्या तर्जनीने एकेक अक्षर शोधत त्यांनी खाली लिहिलं, “उलटे कुठे आहे? मला तर बरोबर दिसते.”

मग तिघं बसून राहिली. चहा निवला. संत्र्याच्या फोडी बशीत सुकल्या. दुपार टळायला आली. देवयानीला घरी जायचं होतं, पण पाय निघेना. साडेचारच्या सुमाराला फोन वाजला.

“आपणास नेहमीच स्वतःचे बरोबर दिसते.” एवढंच.

काका हसले. एकोणीस वर्षांत पहिली शिवी मिळाली म्हणून माणूस हसतो का? पण ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा नवव्या मिनिटासारखा झाला. पाठोपाठ दुसरी ओळ आली.

“नऊ मिनिटे बारा सेकंद येथे जे विचारले आहे, त्याचे उत्तर: होय. दोनदा विचारले होते, प्रभा आला का.”

काकांनी फोन खाली ठेवला. उठले, गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. काकू त्यांच्यामागे गेल्या नाहीत. देवयानीला म्हणाल्या, “बस तू. त्यांना आईजवळ जाऊन येऊ दे.”

चित्र उलटंच राहिलं. ज्या संकलकबाईने आयुष्यात कधी चूक पडद्यावर जाऊ दिली नव्हती, तिला ते रोज बघावं लागे आणि रोज दात-ओठ खावे लागत. मंडळातल्या एकाने विचारलंही, “अहो, काका डावखुरे ना?” ती म्हणाली, “हो, चालू आहे काम.” दर दोन-चार दिवसांनी नागपूरहून ओळ यायची. “अद्याप दुरुस्ती नाही.” काका लिहायचे, “तपासून बघतो.” “तेराव्या दिवशीही तेच.” “तंत्रज्ञ रजेवर आहे.” देवयानीने ते वाचून कपाळावर हात मारला. फोन केला तर श्रीकांत अजून उचलत नव्हता. पण लिहीत होता. काका सकाळी दूध घ्यायच्या आधी मोबाइल बघायचे, एवढं त्यांना पुरत होतं. पुरत होतं म्हणायचं, पुरणार कसं?

फेब्रुवारी संपत आला. डमडमच्या बाजारातली संत्री सुकट झाली, मग दिसेनाशी झाली. एका दुपारी ओळ आली, आणि त्यात ‘सदर गृहस्थ’ नव्हते, ‘आपण’ नव्हतं, ‘करावे’ नव्हतं.

“डावऱ्या, पुरे आता.”

काकांनी स्वतः जिना उतरून, रस्ता ओलांडून देवयानीचं दार वाजवलं. धाप लागली होती. फोन तिच्यापुढे धरला.

“डावऱ्या म्हणाला मला,” ते म्हणाले. “आता कर सरळ.”

देवयानीने केलं. तयारच होतं ते, चढवायला अर्धं मिनिट लागलं. मोबाइलवर पडदा ओढून दोघांनी बघितलं. हात डावा, साल डावी, तुषार जागच्या जागी, काळा चौकोन खाली आपल्या कोपऱ्यात. बघ इकडे!

काका बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “आता त्याला सांगायला काही राहिलं नाही गं. परत लिहील ना तो?”

 मागून जिना चढून आलेल्या काकू दारातूनच म्हणाल्या, “नाही लिहिलं तर दुसरा व्हिडिओ काढू. त्यात चांगल्या चार वेलांट्या चुकवू.”